राखाडी पोरांचा हुरडा

चौदा वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली आणि त्या चौदा वर्षांत माणसाच्या अंगाचा रंग नेमका कोणता, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. खडूंच्या पेटीत एक फिकट गुलाबी खडू असायचा. मुलं त्याला ‘अंगाचा खडू’ म्हणायची. वर्गात त्या रंगाचं एकही मूल नव्हतं, मीही नव्हते, तरी सगळ्यांत आधी झिजून संपायचा तो हाच. एकमेकांना उसना देऊन मुलं आपापले आईबाप गुलाबी करून टाकायची आणि मी खाली ‘छान’ लिहून सही करायची.

पुढे नोकरी सोडली. नवऱ्याने पेनने चित्र काढायचा टॅब आणून दिला आणि मी घरी बसून लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढू लागले. ससे काढले, ढग काढले, बोलणारी वांगी काढली. वांग्याच्या रंगाबद्दल कुणाचीच तक्रार नसते.

मग पुण्याहून एका प्रकाशनाच्या संपादकबाईंचा फोन आला. आवाजावरून माझ्यापेक्षा बऱ्याच लहान वाटत होत्या, पण बोलणं एकदम स्पष्ट.

“मॅडम, हुरडा पार्टीचं पुस्तक आहे. सोळा पानं. एका वर्गातली बारा मुलं शेतावर जातात, हुरडा खातात, एक आजी त्यांना कणसं भाजून देते, एवढीच गोष्ट. तुम्ही सोलापूरच्या, म्हणजे हुरडा तुम्हाला सांगायला नको.”

“नको,” मी म्हटलं.

“फक्त एक अट आहे. मुलं आपल्याकडची दिसली पाहिजेत. गुलाबी नकोत. आणि बाराही वेगवेगळी हवीत. एकच मूल बारा वेळा छापलंय असं नको.”

मला ते इतकं पटलं की फोन ठेवल्यावर मी सासूबाईंना दहा मिनिटं भाषण दिलं. आपण आजवर मुलांवर कसा अन्याय केला, गोऱ्या रंगाचं वेड कसं वाईट, वगैरे. सासूबाई मोहोळकडच्या. शेंगा फोडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “व्हय. मला बघायला आले तवा तुझ्या सासऱ्याच्या आत्यानं माझी बाही वर सारून दंड बघितला हुता. तोंडाला पावडर लावली आसंल म्हणून.”

मी कामाला लागले.

मला वाटलं होतं तितकं ते अवघड नव्हतं, आणि तिथंच मी फसले. एक चांगला तपकिरी निवडला. उजळ मुलाला त्यात पांढरा मिसळला, सावळ्याला काळा. थोडा पांढरा, जास्त पांढरा, थोडा काळा, जास्त काळा, अशी बारा पायऱ्यांची शिडी तयार झाली. सावलीसाठी वरून करड्या रंगाचा एक पातळ थर दिला, सगळ्यांना सारखा. उजेडाच्या जागी पांढरा फटकारा. तीन आठवड्यांत सोळा पानं झाली. टॅबवर ती पोरं काय दिसत होती! सोनेरी, ऊबदार, सकाळचं ऊन अंगावर घेतलेली. मी स्वतःवरच खूश होऊन टॅब उशीला टेकवून ठेवायची आणि लांबून बघत चहा प्यायची.

पुण्याला फाइल पाठवायच्या आधी दोन पानं कागदावर काढून बघावीत म्हणून मी आमच्या भागातल्या छपाईच्या दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचा. घरी तेलुगू बोलणारा. त्याचे वडील एका कारखान्यात चादरीच्या सुताला रंग द्यायचे. याने लग्नपत्रिका, फ्लेक्स, वाढदिवसाचे बॅनर असा धंदा थाटला होता. गावातल्या अर्ध्या पुढाऱ्यांचे चेहरे याने छापलेले, त्यामुळे चेहऱ्यांचा त्याला अनुभव दांडगा.

मशीनमधून पहिलं पान बाहेर आलं. त्याने ते हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि अगदी काळजीच्या सुरात विचारलं, “ताई, ही गोष्ट दवाखान्याची हाय का?”

“हुरड्याची आहे.”

“मग पोरं आजारी कशापायी?”

मी पान हिसकावून घेतलं. बारा पोरं कणसं भाजायच्या आगटीभोवती बसली होती आणि एकाच्याही अंगात रक्ताचा थेंब नव्हता. उजळ मुलं खडूची भुकटी फासल्यासारखी. सावळी मुलं विझलेल्या चुलीतून ओढून काढल्यासारखी. मधली सगळी ओल्या सिमेंटची. आगटीतली राख आणि पोरं यांत फरक एवढाच, की पोरांना कपडे होते.

“तुमचं मशीन बिघडलंय,” मी म्हटलं.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. दुकानदार त्यांच्याकडे बघून हसला आणि कुणाच्या तरी साखरपुड्याचा फोटो त्याच मशीनवर काढून माझ्यासमोर ठेवला. नवरी गव्हाळ, नवरा सावळा, नवऱ्याचा मामा चांगलाच काळा, आणि तिघंही ठणठणीत.

“फोटोची गोष्ट वेगळी,” मी म्हटलं. “माझ्या टॅबवर बघा. सोन्यासारखी दिसतात.”

टॅब उघडून दाखवला. त्याने डोळे बारीक केले. मग टॅब आपल्या संगणकाच्या पडद्याशेजारी नेऊन ठेवला, आणि मला तिथंच काहीतरी चुकल्याचं जाणवलं. त्याच्या पडद्यावरचा पांढरा कागद पांढरा होता. माझ्या टॅबवरचा पांढरा कागद साजूक तुपासारखा होता.

“ताई, डोळ्याला त्रास हुऊ नये म्हणून ते पिवळं करायचं आसतंय बघा, ते चालू हाय की.”

“मी नाही केलं चालू.”

“कुणी तर केलंय.”

केलं होतं नवऱ्याने. उन्हाळ्यात माझं डोकं दुखायचं तेव्हा. प्रेमाने, मला न विचारता, चोवीसही तास चालू राहील असं. म्हणजे गेले सहा महिने मी पिवळा चष्मा घालून रंग निवडत होते. राखेवर पिवळा उजेड पडला की तीही सोन्यासारखी दिसते.

दुकानदाराने ते बंद केलं. पोरं एका क्षणात निळी पडली. माझ्या तोंडून “अगं बाई!” निघून गेलं.

“थांबा. लगेच बघू नका. डोळ्याला पिवळ्याची सवय लागल्याली आसती, म्हणून आता सगळंच निळं दिसणार. भाईर बघा जरा. चा घ्या.”

चहा आला. मी रस्त्यावरच्या रिक्षा मोजत बसले. पाच मिनिटांनी पुन्हा टॅब बघितला. निळेपणा गेला होता, पण पोरं राखाडीच होती. म्हणजे पडद्याने दगा दिला होता हे खरं, पण मूळ चोर मीच होते.

चहाच्या दुसऱ्या कपाला दुकानदाराने भिंग काढलं. छपाईत चार शाया असतात, निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी, आणि त्यांच्या बारक्या ठिपक्यांतून सगळे रंग होतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्याने भिंग आधी फोटोतल्या मामांच्या गालावर ठेवलं. एवढा काळा माणूस, पण आत गुलाबी आणि पिवळ्या ठिपक्यांचा नुसता बाजार भरलेला, निळे-काळे त्यांच्यामध्ये बेताने. मग माझ्या पोराच्या गालावर ठेवलं. निळ्या-काळ्या ठिपक्यांची ही गर्दी, आणि गुलाबी-पिवळे कोपऱ्यात अंग चोरून उभे.

“आमचे वडील म्हणायचे,” तो भिंग पुसत म्हणाला, “तपकिरी गडद करायचा तर त्याला लाल पाज. काळा पाजलास तर रंग मरतो. तुमी काळा पाजलाय.”

चौदा वर्षं चित्रकला शिकवलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं, गिऱ्हाइकांसमोर. त्यातलं एक गिऱ्हाईक तर मान डोलावत होतं.

घरी येऊन आधी नवऱ्याशी भांडले. तो म्हणाला, “पण डोकं दुखायचं थांबलं होतं ना?” मी सरळ पुण्याला फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. संपादकबाई म्हणाल्या, “पंधरा दिवस देते. पण मॅडम, शेड करताना आता माणसं बघा. पडदा नको.”

म्हणून मी माणसं बघायला लागले.

आधी स्वतःचा हात. सकाळच्या उन्हात खिडकीत धरला. उजेडाची बाजू पिवळसर तपकिरी, आणि सावलीची बाजू करडी अजिबात नाही, विटकरी. गडद, पण तांबूस. आणि ऊन जिथं संपून सावली सुरू होते, त्या काठावर एक बारीक पट्टा सगळ्यांत जास्त रंगलेला, जणू कुणी तिथं तांबड्या कावेचं बोट फिरवलंय. एवढी वर्षं हा हात माझ्याच खांद्याला लागलेला, आणि मी तो कधी बघितला नव्हता.

मग लोकांचे हात, माना, कान. मंडईत वांगी निवडता निवडता मी वांगेवालीच्या कोपराकडे बघत राहायची. एकदा शेअर रिक्षात समोर एक गृहस्थ बसले होते, रंगाने चांगले काळे, आणि मागून ऊन येत होतं. त्या उन्हात त्यांच्या कानाची पाळी आतून पेटल्यासारखी लाल झाली होती. काळ्या माणसाचाही कान असा डाळिंबी होतो! मी इतकी हरखून बघत राहिले की गृहस्थ अस्वस्थ झाले. आधी कान चाचपला. मग पुसला. शेवटी म्हणाले, “ताई, काय लागलंय का कानाला?”

“नाही नाही. छान आहे,” मी म्हटलं.

पुढचा सगळा रस्ता ते कानावर रुमाल धरून बसले आणि त्यांच्या शेजारच्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, की मी माझ्या स्टॉपच्या एक चौक आधीच उतरले.

पण हे बघणं उपयोगी पडलं. घरी आले की वहीत लिहायची. त्यातून मला कळत गेलं, की माणसं ही शिडी नव्हेत. माझा नवरा आणि शेजारचा पोस्टमन दोघेही सारखेच सावळे, पण नवऱ्याचा सावळा विटेकडे झुकतो आणि पोस्टमनचा हिरवट, पिकत आलेल्या कवठाच्या कवचासारखा. दुधनीकडून येणारी आमची कामवाली मावशी काळी, पण तिच्या काळ्यात जांभळी झाक. सासूबाई गव्हाळ म्हणवतात, प्रत्यक्षात गुळाच्या. एक पायरी वर, एक पायरी खाली एवढ्याने भागत नाही. प्रत्येकाचं मूळ सूतच वेगळं.

मी दुसऱ्यांदा रंगवायला बसले. या वेळी काळा आणि करडा शपथ घालून दूर ठेवले. सावल्या तांबड्या केल्या, काठ पेटवले, कान पेटवले, नाकाची टोकं, बोटांची पेरं, गुडघे, कोपरं, सगळं पेटवलं. इंटरनेटवर एका परदेशी चित्रकाराने सांगितलं होतं, की जिथं त्वचा पातळ तिथं लाली द्या. मी हात राखून दिली नाही.

पान छापून आणलं आणि घरात पहिल्यांदा सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

“ह्याला कावीळ हाय,” एका मुलावर बोट ठेवत त्या म्हणाल्या. “हिला ताप. ह्यो तर नुसता तळून काढलाय. आन् ही चौघं हळदीला आल्यात का?”

“आई, उन्हात बसलीत ती.”

“उनात आमी जलमभर बसलो. आसं कुनी दिसत न्हाय.”

खरं होतं. आधी पोरं मेलेली होती, आता भाजून निघाली होती. राखाडीच्या भीतीने मी सगळ्यांना एकाच केशरी पाण्यात बुचकळून काढलं होतं, आणि त्या नादात पुन्हा बाराही एकसारखी झाली होती. सासूबाईंनी पान खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

“ही मधली पोरगी कोन?”

ती माझी मुख्य मुलगी होती. सगळ्यांत गडद रंगाची, गोष्ट जिच्याभोवती फिरते ती. तिच्यावर मी सगळ्यांत जास्त कष्ट घेतले होते आणि सगळं पान पेटलेलं असताना ती एकटीच अजून मळकट दिसत होती. मी तिला आणखी लाल केलं, आणखी पिवळं केलं, काही केल्या उठत नव्हती.

“हिला केशरी झगा कुनी घातला?” सासूबाई म्हणाल्या.

“मीच. का?”

“आगं, येवढ्या भडक केशरीपुडं तिचं आंग मातकट नाय दिसनार तर काय? साडीच्या दुकानात कदी गेली हाईस का न्हाईस? सावळ्या अंगाला मोरपंखी घालावं. चिंतामणी निळा घालावा. मंग बघ कशी खुलतीया.”

मला जरा राग आला. रंगांची संगती आणि विरोध यावर मी मुलांना धडे दिले होते. पण हात गुपचूप टॅबकडे गेला. पोरीच्या अंगाला बोटसुद्धा न लावता फक्त झगा मोरपंखी केला. आणि माझ्या डोळ्यांदेखत पोरगी उजळली. उजळली म्हणजे गोरी नाही झाली, तितकीच काळी राहिली, पण अंगात ऊब आली, गाल तांबूस दिसायला लागले. शेजारच्या केशरीने तिच्या अंगातला सगळा तांबूसपणा खाऊन टाकला होता. निळ्या-हिरव्याने तो परत दिला.

“बघा!” मी ओरडले.

“मला काय दाखवतीयास,” सासूबाई म्हणाल्या. “मीच सांगितलं की.”

त्यानंतरचे आठ दिवस त्या माझ्या खुर्चीशेजारी पाट टाकून बसल्या. मी तिसऱ्यांदा रंगवत होते. एकेका पोराला त्याचं त्याचं मूळ सूत दिलं. विटकरी, गुळाचं, हिरवट, पिवळसर, जांभळट. सावली त्याच सुताची, फक्त गडद आणि थोडी तांबूस. खाली वाळलेली माती होती, म्हणून तिचा पिवळा उजेड हनुवटीखाली हलकासा. ज्वारीच्या ताटांना टेकून उभ्या असलेल्या पोराच्या मानेवर किंचित हिरवा. गडद पोरांच्या कपाळावरचा पांढरा फटकारा काढून टाकला, कारण त्यानेच ती भस्म लावल्यासारखी दिसत होती. त्याजागी आभाळाची बारीकशी निळसर चमक ठेवली. सासूबाई प्रत्येक पोराला कुणाच्या ना कुणाच्या वळणावर नेऊन बसवायच्या. “ह्यो आक्षी माझ्या धाकट्या दिरागत झाला. ही अकलूजची मावसबहीण. हिला जरा हळद कमी कर.” हळद कमी कर, लाल वाढव, जरा थंड कर, अशी त्यांची भाषा तयार झाली होती, आणि मला ती संपादकबाईंच्या भाषेपेक्षा लवकर कळायची.

मध्येच मी सगळं चित्र काळं-पांढरं करून बघायची. चेहरे मागच्या ज्वारीत हरवतात की वेगळे उठतात, हे रंग काढून टाकल्यावरच कळतं. सासूबाईंना पहिल्यांदा वाटलं सगळं पुसलं गेलं. त्यांनी माझा दंड धरला.

भांडण एकाच गोष्टीवरून झालं. कणसं भाजणारी आजी मी त्यांच्यावरूनच काढली होती. त्यांनी ओळखली.

“मी येवढी काळी न्हाय.”

मी त्यांचा हात उचलून पानाशेजारी धरला. अगदी तोच रंग होता, गुळाचा, थेट. त्यांनी हात बघितला, पान बघितलं.

“माझा हात चुलीनं झालाय तसा,” त्या म्हणाल्या. “तोंड येगळं हाय.”

“तोंडही तसंच काढलंय. छान दिसतेय की आजी.”

“चित्रातली छान दिसतीया. त्येचं काय न्हाय.” मग शेंगा फोडता फोडता, “पन नाक बरं काढलंस.” मी रंग बदलला नाही.

तिसरी खेप छापून निघाली तेव्हा दुकानदाराने भिंगसुद्धा काढलं नाही. जुनं आणि नवं पान शेजारी ठेवलं, मान हलवली, म्हणाला, “बरी झाली पोरं.” मी ती फाइल पाठवणारच होते. पण संपादकबाईंनी सांगितलं, मुलांना एकदा दाखवा, मग पाठवा.

माझी जुनी शाळा जवळच. चौथीच्या बाई ओळखीच्या. त्यांनी मधल्या सुट्टीनंतरचा तास दिला आणि त्या कार्यालयात कसलासा तक्ता भरायला गेल्या. मी पानं जमिनीवर पसरली आणि चाळीस मुलं त्यांवर तुटून पडली.

पहिली पाच मिनिटं फक्त ‘ह्यो मी’ आणि ‘ह्यो तू’. दोघांनी एकाच पोरावर हक्क सांगितला आणि ढकलाढकली झाली. कुणी गोरा कुठला, काळा कुठला, म्हणत नव्हतं. ‘ह्याचा दात पडलाय’, ‘हिच्या वेणीला रिबीन न्हाय’, असलंच चाललं होतं. मी मनात म्हटलं, जिंकले. मोरपंखी झग्याच्या पोरीजवळ एक बारकी मुलगी बसली होती, त्या वर्गात सगळ्यांत गडद तीच असावी. तिने आपला हात पानावर पोरीच्या हाताशेजारी ठेवला, मग उलटा केला. मी पोरीचा तळवा फिकट, गुलाबीसर काढला होता.

“तळवा पन बरुबर हाय,” ती म्हणाली.

लगेच चाळीस तळवे उलटे झाले. खरंच सगळ्यांचे फिकट होते, काळ्याचे, सावळ्याचे, गव्हाळाचे. वर्गात मोठा शोध लागल्यासारखा आरडाओरडा झाला. माझी छाती फुगली.

तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, “बाई, ही सगळी पडल्यात का?”

“कुठं पडल्यात?”

“सगळ्यांच्या गुडघ्याला लागलंय की.”

मी बघितलं. गुडघे लाल होते. तिसऱ्या खेपेतही तसेच राहिले होते.

“लागलं नाही. गुडघा जरा लालसर असतोच,” मी शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं.

“माझा न्हाय.”

“असतो. नीट बघितलं नसशील.”

त्याने चड्डी वर करून पाय समोर ठेवला. गुडघा लाल नव्हता. पायापेक्षा गडद होता, काळसर, सुरकुतलेला, अक्रोडाच्या कवचासारखा. “बघा की.”

मग दुसऱ्याने पॅन्ट वर सारली. तिसऱ्याने. मुलींनी फ्रॉकखालची लेगिंग्ज गुडघ्यावर सरकवली. चाळीस मुलं एक पाय पुढे करून जमिनीवर बसली, आणि मी हातात वही घेऊन गुडघ्यांची पाहणी करत फिरायला लागले. एकाचाही लाल नव्हता. दोन खरोखरच पडलेले होते, तेवढेच. सगळ्यांचे गुडघे अंगापेक्षा काळे, आणि कोपरंही. त्या परदेशी चित्रकाराने त्याच्याकडची पोरं बघून नियम केला होता, आणि मी आमच्याकडची पोरं समोर असताना तो पाळला होता.

याच वेळी चौथीच्या बाई आत आल्या. अख्खा वर्ग पॅन्ट वर करून बसलेला, एकमेकांचे गुडघे चोळून बघतोय, आणि मध्यभागी मी एका मुलाचं कोपर उजेडाकडे वळवून धरलेलं.

“काय चाललंय?” त्यांनी विचारलं.

“रंग बघतोय,” मी म्हटलं.

“बाई, माझा गुडघा सगळ्यात काळा आला!” मागून कुणीतरी आनंदाने ओरडलं, आणि मग सगळ्यांनाच आपला गुडघा पहिला नंबर हवा झाला. बाईंनी डस्टर आपटला तेव्हा कुठे पॅन्टा खाली आल्या. मला त्या दारापर्यंत सोडायला आल्या, पण पुन्हा कधी या, असं काही म्हणाल्या नाहीत.

बारा पोरांचे चोवीस गुडघे मी सोळाही पानांवर दोन दिवसांत बदलले. लाल काढला, प्रत्येकाच्या अंगाचाच रंग दोन हात गडद केला, तांबूस राहील एवढी काळजी घेऊन. कोपरं तशीच. मग फाइल पाठवली. संपादकबाईंचा निरोप आला, एकाच ओळीचा. पोरं जिवंत झाली, आता छापतो.

पुस्तक दोन महिन्यांनी घरी आलं. सासूबाईंनी पहिली प्रत उचलली, आजीचं पान उघडून ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागल्या. “ही मी. जरा काळी केलीया, पन चालतंय.” नवऱ्याने तीन प्रती ऑफिसात नेल्या. दुकानदाराला एक दिली, ती त्याने पत्रिकांच्या नमुन्यांशेजारी ठेवली.

अकराव्या पानावर, ज्वारीला टेकून उभा असलेला एक पोरगा आहे. त्याच्या मानेवर मी ताटांचा हिरवा उजेड दिला होता. तो छापताना जरा जास्त लागला आणि तांबड्याला मिळून तिथे, कानाखाली, पेरभर जागा राखाडी झाली. कुणाच्याही लक्षात आलं नाही. मी अजून कुणाला दाखवलेलं नाही. सासूबाई ते पान उलटायला लागल्या की मी त्यांना चहा हवा का विचारते.